सोडलेलं अन्न परत ताटात आणताना: आयबीएस, फॉडमॅप आणि नोंदवही

प्रश्न: डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे वारंवार पोट दुखण्या-बिघडण्याचा आजार, सांगितला. इंटरनेटवरची फॉडमॅपची यादी बघून मी पाच महिन्यांपूर्वी कांदा, लसूण, गहू, डाळी, दूध सगळंच सोडलं. पोट बरंच सुधारलं, पण वजन ५ किलो उतरलं आणि आता नवीन काहीही खायची भीती वाटते. सासूबाईंना माझा स्वयंपाक रोज वेगळा करावा लागतो, त्याचंही वाईट वाटतं. परत सुरुवात कुठून करू, आणि नोंदी नेमक्या कशा ठेवू?

उत्तर:

सुरुवात डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून करा.

पहिला प्रश्न: गहू बंद करण्याआधी सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची रक्ततपासणी, म्हणजे टीटीजी, झाली होती का? झाली असेल आणि निर्दोष असेल तर निर्धास्त पुढे जा. झाली नसेल तर आज ती करून उपयोग नाही. पाच महिने गहू पोटात नसताना ती तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते. तपासणीच्या आधी किमान सहा आठवडे, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू असावा असं ब्रिटनमधली नाइस ही संस्था सांगते. हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. तसं ठरलं, तर गव्हाची चाचणी तुमच्याकडून आपोआपच होऊन जाईल.

दुसरा प्रश्न वजनाबद्दल. वजन उतरणं हे आयबीएसचं लक्षण नाही. पोळी, डाळ आणि दूध तिन्ही ताटातून गेल्यावर ५ किलो उतरणं मला आश्चर्याचं वाटत नाही, तरी ते गृहीत धरू नका. शौचात रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, बारीक ताप, कमी झालेलं हिमोग्लोबिन यातलं काहीही असेल तर आहाराचा विषय बाजूला ठेवून आधी तपासणी. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि क्रोन्ससारखे आतड्याला सूज आणणारे आजार सुरुवातीला आयबीएससारखेच वाटू शकतात.

हे दोन्ही मार्गी लागलं असं धरून पुढचं लिहिते. मी अठरा वर्षं पोटाच्या रुग्णांना आहार सांगते आहे. तुमच्यासारख्या अवस्थेत येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यात चूक तुमची नाही. यादी सगळीकडे मिळते, यादीतून बाहेर कसं पडायचं ते कोणी सांगत नाही.

फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट शोषली न जाणारी काही कर्बोदकं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली त्यांना हे एकत्रित नाव दिलं. ही कर्बोदकं आतड्यात पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यात जीवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. हे माझ्याही पोटात होतं आणि सासूबाईंच्याही. फरक एवढाच, की आयबीएसमध्ये आतड्याच्या संवेदना तीव्र असतात, त्यामुळे तेवढ्याच वायूने दुखतं आणि फुगतं. म्हणून चाचणीत कांद्याने त्रास झाला तरी आतड्याला इजा झालेली नसते. तो त्रास काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ओसरतो. भीती वाटेल तेव्हा हे आठवा.

या पद्धतीचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात २ ते ६ आठवडे फॉडमॅप कमी करायचे, दुसऱ्यात एकेक गट परत आणून तपासायचा, तिसऱ्यात आपल्याला चालेल तेवढा मोकळा आहार ठरवायचा. तुम्ही पहिल्याच टप्प्यात पाच महिने थांबला आहात. त्या टप्प्याचं काम एका प्रश्नाचं उत्तर देणं एवढंच असतं: फॉडमॅप कमी केल्याने फरक पडतो का? ते उत्तर महिन्याभरात मिळतं. त्यापुढे तसंच राहिलं तर आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंचं, विशेषतः बिफिडोबॅक्टेरियांचं, खाद्य तुटतं. कॅल्शियम आणि तंतूही कमी पडतात.

आता वही. शंभर पानी साधी वही घ्या, अॅपची गरज नाही. पहिले दहा दिवस आहारात काहीही बदलू नका, आज जे खाताय तेच खा आणि फक्त लिहा. सुधारणा झाली असं तुम्ही म्हणता, पण पाच महिन्यांपूर्वीचे आकडे तुमच्याकडे नाहीत आणि आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. पुढची प्रत्येक तुलना या दहा दिवसांशी होणार आहे.

रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन आकडे लिहायचे: दिवसभरातलं पोटदुखीचं जास्तीत जास्त प्रमाण ० ते १० मध्ये, आणि पोटफुगीचं तसंच. शौच किती वेळा आणि ब्रिस्टल तक्त्यानुसार कोणत्या प्रकारची, १ म्हणजे लेंड्यांसारखी कडक, ७ म्हणजे निव्वळ पाणी. मग जेवणाच्या वेळा आणि पदार्थ. शेवटी एक ओळ 'बाकी काय' अशी: झोप, पाळी, ताण, बाहेरचं खाणं, नवीन औषध. लोक ही ओळ कंटाळून सोडतात. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा खरं उत्तर याच ओळीत सापडतं.

दर दहा दिवसांनी मोठा गुणांक काढा. आयबीएस-एसएसएस नावाची प्रश्नावली १९९७ पासून वापरात आहे. तिच्यात पाच प्रश्न आणि प्रत्येकाला ० ते १०० गुण: दुखणं किती तीव्र, गेल्या १० दिवसांत किती दिवस दुखलं (दिवस गुणिले १०), पोटफुगी किती तीव्र, शौचाबद्दल किती असमाधान, आणि रोजच्या जगण्यात किती अडथळा. बेरीज ७५ च्या खाली असेल तर त्रास जवळजवळ नाही, १७५ पर्यंत सौम्य, ३०० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. दोन वेळच्या गुणांकांत ५० चा फरक पडला तरच तो खरा बदल धरतात. दहा-वीस गुणांच्या चढउतारावरून कुठलाही पदार्थ सोडू नका.

तुमचा आजचा गुणांक १७५ च्या वर निघाला, म्हणजे एवढं सोडूनही मध्यम त्रास उरला, तर मी सरळ म्हणेन की हा आहार तुमच्यासाठी पुरेसं काम करत नाहीये. तो आणखी कडक करू नका. एकेक पदार्थ परत आणत नेहमीच्या जेवणाकडे या आणि इसबगोल, औषधं, वेळेवर जेवण, तिखट-तळकट आणि चहा-कॉफीचं प्रमाण यांबद्दल डॉक्टरांशी बोला. पाच महिन्यांच्या कष्टानंतर हे ऐकायला जड जातं, पण असे रुग्ण थोडे नाहीत. गुणांक खाली असेल तर चाचण्या सुरू करा.

चाचणीची रीत अशी. एका वेळी एकच गट. त्या गटाचा असा पदार्थ निवडायचा ज्यात दुसरे फॉडमॅप फारसे नाहीत. तीन दिवस चढतं प्रमाण, मग दोन-तीन दिवस विश्रांती, त्या काळात पोट पहिल्या पातळीवर येऊ द्यायचं, मग पुढचा गट. बाकीचं जेवण तसंच ठेवायचं. चाचणी पास झाली तरी तो पदार्थ लगेच रोज सुरू न करता सगळ्या चाचण्या होईपर्यंत थांबायचं, नाहीतर पुढचा निकाल कशाचा हे कळत नाही. तुमचं वजन पाहता याला मी एक अपवाद करेन. दूध पास झालं तर ते चालू ठेवा. दुधातल्या लॅक्टोजचा डाळीच्या किंवा कांद्याच्या गटाशी संबंध नाही, आणि रोज तेवढंच घेतलं तर ते निकालात लुडबुड करत नाही.

म्हणून पहिलं दूध. पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप, शक्यतो जेवणाबरोबर. एका कपात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि ज्यांना लॅक्टोज नीट पचत नाही अशांपैकीही पुष्कळांना तेवढं एका वेळी चालतं. नंतर तूरडाळ: पाव वाटी, अर्धी वाटी, एक वाटी घट्ट वरण. डाळ चार-पाच तास भिजवून ते पाणी ओतून द्या. त्यातल्या त्रासदायक साखरा पाण्यात उतरतात, त्यातल्या काही तिथेच निघून जातात. मग गहू: एक फुलका, दोन, तीन. मग कांदा, मग लसूण. दोन्हींत फ्रुक्टन हाच फॉडमॅप असला तरी प्रमाण वेगळं असतं, म्हणून वेगवेगळे तपासा. फ्लॉवर मॅनिटॉल या गटासाठी आणि आंबा किंवा मध फ्रुक्टोज या गटासाठी शेवटी तपासता येतील. मश्रूम तुमच्या घरी येतच नसतील तर त्यांच्यावर आठवडा घालवू नका.

आता ज्यांच्या वहीची पानं मी अजून शिकवताना वापरते त्या एका रुग्णाबद्दल. वय ४१, बँकेत नोकरी, पातळ जुलाब आणि संध्याकाळी पँटचं बटण उघडावं लागेल इतकं पोट फुगणं. सुरुवातीचा गुणांक असा होता: दुखणं ६०, दहातले सहा दिवस म्हणून ६०, फुगणं ८०, असमाधान ७०, अडथळा ६०, एकूण ३३०. चार आठवड्यांच्या पहिल्या टप्प्यात ज्वारीची भाकरी, भात, पोहे, बटाटा, वांगी, गाजर, काकडी, अंडी, पपई आणि संत्री असं जेवण ठेवलं. चार आठवड्यांनंतर ३०, ३०, ३५, ४० आणि ३०, एकूण १६५. फरक अर्थातच ५० च्या कितीतरी पुढचा, म्हणून लगेच चाचण्या.

दुधाच्या दुसऱ्या दिवशी, अर्ध्या कपावर, फुगणं थेट ७ झालं. त्यांनी वहीत लाल पेनाने लिहिलं, 'दूध कायमचं बंद'. मी 'बाकी काय' ही ओळ वाचली. दोन दिवस शौच झालेली नव्हती, आणि तिमाहीअखेर असल्यामुळे आदल्या रात्री झोप जेमतेम चार तास. दहा दिवसांनी कामाची घाई संपल्यावर तीच चाचणी परत केली. पाव, अर्धा आणि पूर्ण कप, तिन्ही दिवशी फुगणं २ किंवा ३, म्हणजे नेहमीइतकंच. दूध तेव्हापासून परत आलं.

कांद्याचं पान मी जसंच्या तसं सांगते. पहिला दिवस: दुपारच्या भाजीत एक मोठा चमचा शिजलेला कांदा, फुगणं ३, शौच प्रकार ४. दुसरा दिवस: दोन चमचे, फुगणं ४. तिसरा दिवस: अर्धा कांदा, दुपारी एकला जेवण, सहा वाजता फुगणं ८, रात्री प्रकार ६ दोनदा. म्हणजे दोन चमचे चालतात, अर्धा कांदा चालत नाही. माझ्याकडे येण्याआधी दोन वर्षं ते 'मला कांदा चालत नाही' असं सांगत होते. वेळेकडेही बघा. जेवल्यावर पाच तासांनी त्रास सुरू झाला. मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागतो. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मुरडा आला तर दोष बहुतेक त्या ताटातल्या फॉडमॅपचा नसतो. नुसतं जेवण पोटात पडल्यावरही आतडी हलू लागतात, आणि तेलकट जेवणाने जास्तच. साबुदाण्याची खिचडी फॉडमॅपच्या हिशेबात निर्दोष असूनही पुष्कळांना त्रास देते ती तिच्यातल्या तुपामुळे.

चाचणी नापास कधी म्हणायची हे आधीच लिहून ठेवा. माझा नियम असा: दुखणं किंवा फुगणं नेहमीच्या पातळीपेक्षा तीन अंकांनी वाढलं तर तिथे थांबा. दोनच्या आत असेल तर पुढे जा. मधलं काही असेल तर तेच प्रमाण दुसऱ्या दिवशी परत घ्या. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि पाळीचे दिवस चाचणीत धरू नका, तेव्हा तसंही फुगतं. लग्न, प्रवास, प्रतिजैविकांचा कोर्स असेल तर तारीख पुढे ढकला. आणि नापास झालेला पदार्थ एकदा परत तपासल्याशिवाय पक्का नापास धरू नका. त्रास होणार या भीतीनेही पोट फुगतं. हे मनाचे खेळ म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही, आतडी आणि मेंदू खरोखरच इतके जोडलेले असतात. आकडे चांगले येत असूनही घास पुढे जात नसेल, तर पोटाच्या आजारांत काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तोही याच उपचाराचा भाग आहे.

स्वयंपाक वेगळा करायची गरज फारशी नाही. तुमच्या घरी चातुर्मास पाळत असतील किंवा पूर्वी पाळत असतील तर कांदा-लसणाशिवायच्या भाज्या सासूबाईंच्या हातच्या असणारच. गोडा मसाला बहुतेक घरांत कांदा-लसणाशिवायच होतो. पाकिटातला घेतलात तर त्यावरची घटकांची यादी वाचा. कांदा-लसूण मसाला मात्र चाचण्या संपेपर्यंत दूर ठेवा. चमच्यात किती कांदा गेला ते मोजता येत नाही.

लसणाची चव हवी असेल तर एक युक्ती आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेल तापवून त्यात ठेचलेल्या अख्ख्या पाकळ्या तांबूस होईपर्यंत परता, मग झाऱ्याने सगळ्या काढून टाका आणि त्याच तेलात मोहरी-जिरं-हिंगाची फोडणी करा. पाणी, टोमॅटो किंवा भाजी पडण्याआधी पाकळ्या बाहेर आल्याच पाहिजेत. रश्श्यात लसूण किंवा कांदा उकळून नंतर फोडी बाजूला काढल्या तर उपयोग नाही, फ्रुक्टन तोवर रश्श्यात उतरलेलं असतं. असं तेल रोज ताजं करा. बाटलीत भरून बाहेर ठेवलेल्या लसणाच्या तेलात घातक जंतुविष तयार होऊ शकतं. डबीतल्या हिंगात मैदा असतो, पण चिमटीभराने फॉडमॅपच्या दृष्टीने काही बिघडत नाही. सीलिअॅक निघाला तर तो हिंगही बदलावा लागेल. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग आजही चालेल, पांढरा नको.

मोनॅशच्या अॅपमध्ये पदार्थांना हिरवा, पिवळा, लाल रंग दिलेला असतो. तो रंग एका ठराविक प्रमाणासाठी असतो. प्रमाण बदललं की रंग बदलतो. लाल दिसलं म्हणून पदार्थ विषासारखा टाळायचा नाही. आणि 'ग्लुटेन-फ्री' पाकिटं विकत घेऊ नका. ग्लुटेन प्रथिन आहे, फॉडमॅप नाही. सीलिअॅक नसेल तर तुमचा मुद्दा गव्हातल्या फ्रुक्टनचा आहे, आणि तो प्रमाणाने सुटतो.

त्या गृहस्थांच्या चाचण्यांना नऊ आठवडे लागले. शेवटी तीन फुलके चालले, एक वाटी तुरीचं वरण चाललं, अर्धी वाटी मुगाची उसळ चालली, चवळीची पूर्ण वाटी चालली नाही, चटणीतला कच्चा लसूण चालला नाही. मग आम्ही एकत्रित चाचणी घेतली, कारण रोजच्या ताटात पदार्थ एकेकटे येत नाहीत. तीन फुलके आणि दोन चमचे कांद्याची भाजी एकाच जेवणात घेतल्यावर संध्याकाळी फुगणं ६. वेगवेगळे दोन्ही चालत होते, पण दोन्हींतलं फ्रुक्टन एकत्र जास्त झालं. त्यांनीच तोडगा काढला: पोळीच्या जेवणात कांदा नाममात्र, भाकरीच्या जेवणात भाजीला दोन चमचे कांदा. तीन महिन्यांनी गुणांक ३५, ३०, ४५, ४० आणि २० मिळून १७०. कडक आहारावर १६५ होता. पाच गुणांचा फरक म्हणजे फरकच नाही, आणि ताटात दूध, पोळी, वरण, मूग आणि थोडा कांदा परत आलेला होता.

तुम्ही येत्या सोमवारी पहिलं पान लिहा आणि दहा दिवसांनी गुणांक काढा. आठवड्यातून एकदा वजनही त्याच वहीत, सकाळी शौचानंतर. चाचण्या सुरू झाल्यावरही वजन उतरत राहिलं तर चाचण्या थांबवून डॉक्टरांकडे जा. जे नापास होईल ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पोटाची सहनशक्ती बदलते, आणि आज अर्ध्या कांद्याला नाही म्हणणारं पोट दिवाळीपर्यंत हो म्हणू शकतं.